डक्टवाल्या घरात रिटर्न ग्रिल कुठे बसवायची, आणि रिकाम्या खोलीचे व्हेंट का बंद करू नयेत

पुण्या-मुंबईच्या घरात प्रत्येक खोलीला वेगळा स्प्लिट एसी असतो. खोलीतून निघताना तो बंद करायचा ही सवय अंगात इतकी भिनलेली असते, की अमेरिकेत डक्टवाल्या घरात राहायला आल्यावरही हात आपोआप तेच करतो. आईबाबा सहा महिने राहून परत गेले की त्यांच्या खोलीचे व्हेंट, म्हणजे गार हवा खोलीत सोडणाऱ्या जाळ्या, बंद होतात. मुलगी कॉलेजला गेली की तिच्याही खोलीचे बंद होतात. स्प्लिटच्या घरात ही काटकसर खरी असते, कारण तिथे खोलीबरोबर तिचा पंखा आणि कॉम्प्रेसरही थांबतो. डक्टच्या घरात मात्र सगळ्या खोल्यांना मिळून एकच ब्लोअर, एकच कॉइल आणि एकच कॉम्प्रेसर असतो. व्हेंट बंद केल्याने त्यातलं काहीच थांबत नाही किंवा लहान होत नाही, फक्त त्याच्या वाटेत अडथळा वाढतो.

हा अडथळा किती बोचेल ते बरंचसं रिटर्नवर अवलंबून असतं. रिटर्न म्हणजे खोल्यांतली हवा परत मशीनकडे ओढून नेणारी जाळी आणि तिच्यामागचा डक्ट. बहुतेक घरांत हीच बाजू मुळात तोकडी असते. म्हणून या लेखात रिटर्न आणि व्हेंट हे दोन्ही विषय एकत्र घेतले आहेत.

समजायला सोपं जावं म्हणून पूर्ण लेखभर एकच घर समोर ठेवू. टेक्सासमध्ये डॅलसच्या आसपास सर्रास दिसतं तसं हे एकमजली घर आहे: १९०० चौरस फूट, चार बेडरूम, ३ टनांची सिस्टिम. घर तापवणारा गॅसचा फर्नेस, त्यातलाच ब्लोअर आणि हवा गार करणारी कॉइल छपराखालच्या अ‍ॅटिकमध्ये आहेत. घरभर मिळून बारा व्हेंट आणि हॉलवेच्या छताला २० बाय २० इंचांची एकच रिटर्न ग्रिल, तिच्यातच एक इंची फिल्टर. पाहुण्यांच्या खोलीचे दोन आणि स्टडीचा एक असे तीन व्हेंट घरच्यांनी बंद करून ठेवले आहेत. तक्रार अशी की मास्टर बेडरूम रात्री दार लावलं की तापते, रिटर्नजवळ सतत घोंघाट असतो आणि बिल काही कमी होत नाही.

व्हेंट बंद केल्यावर नेमकं काय होतं

३ टनांच्या मशीनला ढोबळमानाने मिनिटाला १२०० घनफूट हवा लागते, म्हणजे टनामागे ४००. या मापाला सीएफएम म्हणतात. ही हवा डक्टमधून ढकलण्यासाठी आणि रिटर्नमधून ओढण्यासाठी ब्लोअरला जो दाब द्यावा लागतो तो 'इंच पाणी' या एककात मोजतात. घरगुती फर्नेसच्या पाटीवर बहुतेक वेळा ०.५ इंच हा आकडा लिहिलेला असतो. ओढण्याचा आणि ढकलण्याचा दाब मिळून तेवढ्यात राहावा असं कारखान्याने गृहीत धरलेलं असतं.

आपल्या घरात सगळे व्हेंट उघडे असताना मोजलं तर रिटर्नकडे ०.३२ आणि पुढच्या बाजूला ०.४३ मिळतात. एकूण ०.७५, म्हणजे सिस्टिम आधीच दीडपट ओझं वाहते आहे. पुढच्या ०.४३ पैकी ०.२० कॉइल खाते, त्यामुळे प्रत्यक्ष डक्टमध्ये उरतात ०.२३. तीन व्हेंट बंद केल्यावर तीच हवा उरलेल्या नऊ फाट्यांतून जायला बघते, डक्टमधला दाब ०.३५ वर जातो आणि एकूण बेरीज ०.८७ होते.

इथून पुढचा परिणाम मोटर कोणती आहे त्यावर ठरतो. जुन्या पीएससी मोटरला दाब वाढला की दम लागतो आणि हवा कमी पडते. १२०० ऐवजी हजार किंवा त्याहूनही कमी सीएफएम कॉइलवरून जाते. कॉइलला पुरेशी उष्णता मिळत नाही, ती जास्त गार होते आणि तिच्यावर बर्फ धरायला लागतो. बर्फाने हवेची वाट आणखी अडते. न उकळलेलं द्रव रेफ्रिजरंट कॉम्प्रेसरपर्यंत पोचायला लागलं की महागातला महाग भाग धोक्यात येतो. हिवाळ्यात याच कमी हवेमुळे फर्नेसचा हीट एक्स्चेंजर तापतो आणि लिमिट स्विच बर्नर मध्येच बंद पाडतो. घरच्यांना एवढंच दिसतं की फर्नेस चालू होतो आणि दोन मिनिटांत बंद पडतो.

नव्या ईसीएम मोटरचा स्वभाव उलटा आहे. तिला ठरलेली हवा द्यायचीच असते, म्हणून दाब वाढला की ती आणखी जोराने फिरते आणि वीज जास्त खाते. कॉइल सुरक्षित राहते, पण बचतीसाठी बंद केलेला व्हेंट पंख्याचं बिल वाढवतो.

यापेक्षा मोठं नुकसान नजरेआड होतं. अ‍ॅटिकमधल्या डक्टच्या सांध्यांतून थोडीफार गळती असतेच, आणि डक्टमधला दाब ०.२३ वरून ०.३५ झाला की तीच गळती साधारण सव्वापटीहून थोडी जास्त होते. आधी १०० सीएफएम गार हवा अ‍ॅटिकमध्ये जात असेल तर आता १२८ च्या आसपास जाते. लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००३ मध्ये याच प्रश्नाचा अभ्यास केला होता. व्हेंट बंद केल्याने त्या खोलीपुरती जी उष्णता वाचते ती वाढलेल्या डक्टगळतीत निघून जाते आणि घराचा एकूण ऊर्जाखर्च वाढतो, असं त्यात आढळलं.

खोलीपुरती बचतही वाटते त्यापेक्षा लहान असते. अमेरिकन घरांच्या आतल्या भिंतींत इन्सुलेशन बहुधा नसतं. पाहुण्यांची खोली तापू दिली तर तिची उष्णता दोन पत्र्यांसारख्या ड्रायवॉलमधून शेजारच्या गार खोलीत येत राहते. शिवाय बंद केलेला व्हेंट पूर्ण बंद होतच नाही, त्याच्या पात्यांतून थोडी गार हवा झिरपत राहते. ह्यूस्टनसारख्या दमट ठिकाणी त्या गार पत्र्यावर खोलीतली कोंडलेली दमट हवा येऊन घाम धरते. व्हेंटभोवती छतावर पिवळट किंवा काळपट वलय दिसलं, हात लावल्यावर ड्रायवॉल मऊ लागली, तर समजावं की हा व्हेंट बरेच दिवस बंद आहे.

रिटर्न कुठे? आधी एक गैरसमज बाजूला ठेवू

रिटर्नबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारा सल्ला असा: 'गरम हवा वर जाते, म्हणून एसीसाठी रिटर्न छताजवळ आणि हीटिंगसाठी जमिनीजवळ.' दुमजली घरात यात थोडं तथ्य आहे. उन्हाळ्यात वरचा मजला तापतो, म्हणून वरच्या मजल्याला स्वतःची रिटर्न हवीच, आणि ती वर असलेली बरी. एका खोलीच्या आत मात्र रिटर्नच्या उंचीने फार फरक पडत नाही.

तोंडाजवळ हात धरून फुंकर मारा, हातभर अंतरावरही ती जाणवते. आता त्याच अंतरावरून हवा आत ओढून पाहा, काहीच जाणवत नाही. फुंकलेली हवा एका दिशेने जाते, ओढलेली हवा सगळीकडून येते. रिटर्न ग्रिलचंही तसंच असतं. जाळीच्या रुंदीइतकं अंतर दूर गेलं की हवेचा वेग तोंडावरच्या वेगाच्या दहाव्या हिश्शाहूनही खाली येतो. खोलीतली हवा ढवळून काढायचं काम पुरवठ्याच्या व्हेंटमधून येणाऱ्या झोतावर असतं. रिटर्नवर फक्त परतीची वाट मोकळी ठेवण्याची जबाबदारी असते.

म्हणून जागा ठरवताना पहिला प्रश्न असा विचारायचा: प्रत्येक खोलीतली हवा दार बंद असतानाही रिटर्नपर्यंत पोचेल का? दुसरा प्रश्न, जाळी आणि तिच्यामागचा डक्ट पुरेसा मोठा आहे का? वर की खाली हा प्रश्न या दोघांच्या नंतर येतो.

काही जागा कुठल्याही परिस्थितीत चालत नाहीत. स्वयंपाकघर, बाथरूम, टॉयलेट, कपड्यांचं क्लोझेट, गॅरेज आणि फर्नेसची खोली इथून रिटर्न घ्यायला अमेरिकेचा निवासी बांधकाम कोड मनाई करतो, मोजके अपवाद सोडले तर. गॅसवर चालणाऱ्या उघड्या बर्नरच्या उपकरणापासून, मग तो वॉटर हीटर असो की शेकोटी, त्याच खोलीत दहा फुटांच्या आत रिटर्न नको. गॅरेजला लागून असलेल्या भिंतीची पोकळी रिटर्नचा डक्ट म्हणून वापरणं तर फार घातक आहे, कारण सांध्यातून गाडीचा कार्बन मोनॉक्साइड थेट बेडरूममध्ये ओढला जातो. रिटर्न पुरवठ्याच्या व्हेंटच्या अगदी समोर किंवा शेजारीही नको. तसं झालं तर गार हवा खोलीत न फिरता तशीच परत जाते, आणि थर्मोस्टॅट जवळ असेल तर त्याची फसगत होते.

पायरी १: घराचा नकाशा आणि दाराची परीक्षा

कागदावर घराचा साधा आराखडा काढा. प्रत्येक खोलीतले व्हेंट, रिटर्न ग्रिलची लांबी-रुंदी आणि प्रत्येक दाराखालची फट इंचात लिहा. सगळे व्हेंट पूर्ण उघडा, नवा फिल्टर घाला आणि ब्लोअर चालू करा.

आता एकेका बेडरूमचं दार लावा आणि शेवटची अर्धा इंच फट उरली की हात काढा. दार आपोआप बाहेरच्या बाजूला ढकललं जात असेल तर खोलीत दाब साठतो आहे. फटीपाशी टिश्यूची पट्टी धरली तर ती हॉलवेकडे फडफडेल. कमी दाब मोजणारा डिजिटल मॅनोमीटर असेल तर त्याची नळी दाराखालून आत सरकवा आणि दार लावून खोली व हॉलवे यांच्यातला फरक वाचा. हा फरक पास्कल या 'इंच पाणी'हून बऱ्याच लहान एककात मोजतात, आणि तो ३ पास्कलच्या आत ठेवावा हा या क्षेत्रातला रुळलेला मापदंड आहे.

आपल्या घराच्या मास्टर बेडरूममध्ये १४ पास्कल दिसतात. दार लावलं की आत येणाऱ्या हवेला बाहेर जायला जागा नाही. म्हणून आत येणारी हवाच कमी होते आणि जी येते ती खिडकीच्या फटींतून, दिव्यांच्या भोकांतून घराबाहेर जाते. त्याच वेळी हॉलवेतली रिटर्न मात्र पूर्ण जोराने ओढत असते. उरलेल्या घरात निर्वात तयार होतो आणि बाहेरची गरम, दमट हवा दारा-खिडक्यांतून आत येते. घरातल्या वॉटर हीटरची चिमणी साध्या खेचीवर चालणारी असेल तर ५ पास्कलच्या आसपासचा निर्वातसुद्धा तिचा धूर उलटा घरात आणू शकतो. अशा घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असलाच पाहिजे.

पायरी २: मशीनपाशी दाब मोजणे

हे काम दोन नळ्यांच्या मॅनोमीटरने होतं. एक भोक ब्लोअरच्या लगेच आधी, रिटर्नच्या पेटीत पाडायचं. दुसरं फर्नेस आणि कॉइल यांच्या मध्ये. भोक पाऊण सेंटीमीटर ते एक सेंटीमीटर पुरतं, पण ड्रिल पुढे जाऊन कॉइलला किंवा हीट एक्स्चेंजरला लागता कामा नये. आत काय आहे याची खात्री नसेल तर हे काम तंत्रज्ञाकडून करून घ्या. कॉइलला छिद्र पडलं तर पूर्ण कॉइल बदलावी लागते. कॉइल आणि ब्लोअर एकाच पेटीत असलेला एअर हँडलर असेल तर भोकं त्या पेटीच्या आधी आणि नंतर येतात.

रिटर्नचा आकडा वजा चिन्हाने दिसतो. चिन्ह सोडून दोन्ही आकड्यांची बेरीज करायची. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे वजाबाकी करणं, मग ०.७५ ऐवजी ०.११ निघतो आणि सगळं छान चाललंय असं वाटतं. मापन झाल्यावर भोकं प्लास्टिकच्या बुचाने बंद करा.

बेरजेइतकीच तिची वाटणीही बघायची. रिटर्नचा एकट्याचा आकडा ०.२ च्या वर असेल तर रिटर्न तोकडी आहे किंवा फिल्टर गुदमरतो आहे. फिल्टर क्षणभर काढून पुन्हा मोजा. आकडा धाडकन खाली आला तर दोष फिल्टरचा. एक इंची जाडीचा मर्व्ह १३ दर्जाचा, म्हणजे बारीक धूळ अडवणारा दाट फिल्टर लहान जाळीत बसवणं हे यामागचं नेहमीचं कारण असतं. धूळ अडवण्यासाठी तो चांगला आहे, पण त्याला पुरेसं क्षेत्रफळ मिळायला हवं.

पायरी ३: रिटर्नचं माप काढणे

ज्या जाळीत फिल्टर आहे तिच्यासाठी लक्षात ठेवायला सोपा हिशोब असा: जाळीच्या प्रत्येक चौरस इंचामागे २ सीएफएम. १२०० सीएफएमला ६०० चौरस इंच. आपल्या घरात २० गुणिले २० म्हणजे ४०० चौरस इंचच आहेत, म्हणजे प्रत्येक चौरस इंचातून ३ सीएफएम ओढली जाते. घोंघाट त्याचाच आहे.

एकच मोठी जाळी लावून हा प्रश्न सुटला असता, पण मास्टर बेडरूमचे १४ पास्कल तसेच राहिले असते. म्हणून काम दोन ठिकाणी करायचं. हॉलवेची जाळी २० बाय २५ ची करायची, म्हणजे ५०० चौरस इंच. मास्टरमध्ये स्वतंत्र १४ बाय १२ ची रिटर्न द्यायची, म्हणजे १६८ चौरस इंच. मास्टरच्या तीन व्हेंटमधून मिळून ३२० सीएफएम येते आणि १६८ चौरस इंचांना ३३६ पर्यंत पेलते, म्हणून माप जुळतं. त्या खोलीत याहून मोठी रिटर्न लावायचा मोह टाळा. खोलीत येते त्यापेक्षा जास्त हवा तिथून ओढली तर खोली निर्वातात जाते आणि बाहेरची हवा खेचायला लागते. बांधकाम कोडही हे करू देत नाही.

मास्टरच्या रिटर्नला १२ इंची इन्सुलेटेड फ्लेक्स डक्ट पुरतो. जाळीपासून मशीनपर्यंत किमान एक काटकोनी वळण ठेवा, नाहीतर ब्लोअरचा आवाज थेट उशाशी येतो. आता दोन जाळ्या झाल्या, तेव्हा फिल्टर दोन्हींत हवेत. फक्त हॉलवेच्या जाळीत फिल्टर ठेवला तर मास्टरची सगळी धूळ थेट कॉइलवर जाईल. आणि मशीनपाशी आणखी एक फिल्टर असेल तर जाळीतले काढा, एकामागे एक दोन फिल्टर नकोत.

पायरी ४: बाकीच्या खोल्यांना परतीची वाट

प्रत्येक बेडरूमला स्वतःची रिटर्न देणं खर्चिक पडतं. लहान खोल्यांना भिंतीतून किंवा छतावरून हॉलवेत उघडणारी वाट दिली तरी भागतं. तिचं क्षेत्रफळ असं काढतात:

क्षेत्रफळ (चौरस इंच) = सीएफएम ÷ (१.०७ × √पास्कल)

पाहुण्यांच्या खोलीत २०० सीएफएम येते. ३ पास्कलचं वर्गमूळ १.७३. म्हणून २०० ला १.८५ ने भागायचं, उत्तर १०८ चौरस इंच. ३० इंच रुंद दाराखाली पाऊण इंच फट असेल तर तिचे सुमारे २२ चौरस इंच वजा जातात. उरतात ८६. जाळीच्या पट्ट्या सुमारे तीस टक्के जागा अडवतात, म्हणून जाळीचं बाहेरचं माप १२३ च्या वर हवं. १४ बाय १० ची जाळी, म्हणजे १४० चौरस इंच, चांगली बसते.

कार्पेट घातलं की दाराखालची फट गायब होते, त्यामुळे फट मोजताना कार्पेटवरून मोजा. नुसती दारं खालून कापून काम भागेल असं बरेच जण म्हणतात. ३० इंची दाराखाली पूर्ण एक इंच फट सोडली तरी ३ पास्कलला तिच्यातून ५५ सीएफएमच जाते. मोठ्या खोलीला ती पुरत नाही.

भिंतीतून वाट काढण्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात दोन्ही बाजूंच्या जाळ्या समोरासमोर, दाराच्या वरच्या पातळीवर येतात. हवा सहज जाते, पण उजेड आणि बोलणंही जातं. दुसऱ्यात खोलीच्या बाजूची जाळी खाली आणि हॉलवेच्या बाजूची वर, मधली भिंतीची पोकळी हाच डक्ट. यात आवाज कमी जातो, पण एका फसगतीपासून सावध राहा. दोन उभ्या लाकडांमधली पोकळी साडेचौदा इंच रुंद आणि साडेतीन इंच खोल असते, म्हणजे ५० चौरस इंच. जाळी कितीही मोठी लावा, हवा त्या ५० मधूनच जाणार. स्टडीच्या ९० सीएफएमला ही वाट दाराखालच्या फटीसह पुरते. पाहुण्यांच्या खोलीला पुरत नाही.

तिथे समोरासमोरची जाळी नको असेल तर छतावरून वाट न्या. खोलीच्या छताला एक जाळी, हॉलवेच्या छताला दुसरी, आणि अ‍ॅटिकमधून दोघींना जोडणारा १२ इंची इन्सुलेटेड फ्लेक्स. १० इंची नळीचं क्षेत्रफळ ७८ चौरस इंच असतं, ते कमी पडतं. हा डक्ट मशीनला कुठेही जोडलेला नसतो.

भिंत कापण्याआधी ती भार वाहणारी आहे का, आत वायर किंवा पाइप आहेत का हे तपासा. एखादं उभं लाकूड कापून जागा करायची नाही. शहराचा परवाना लागत असेल तर तोही आधीच घ्या.

पायरी ५: बसवताना

फ्लेक्स डक्ट ताणून बसवा. आतल्या चुण्या हवेला इतक्या अडवतात की कागदावरचा १२ इंची डक्ट प्रत्यक्षात ९-१० इंचीसारखा वागतो. दर चार फुटांवर रुंद पट्टीने आधार द्या, दोन आधारांमध्ये फुटामागे अर्ध्या इंचापेक्षा जास्त झोळ नको. अ‍ॅटिकमध्ये इन्सुलेशन आर-८ चं घ्या. सांध्यांना मॅस्टिक, म्हणजे फटी बुजवणारा घट्ट लेप, लावा किंवा यूएल १८१ छापलेली फॉइल टेप. करड्या रंगाची कापडी टेप नाव काहीही सांगत असली तरी अ‍ॅटिकच्या उष्णतेत तिचा गोंद सुकतो आणि ती सुटते.

छताच्या ड्रायवॉलचं भोक आणि जाळीमागचा पत्र्याचा डबा यांच्यामधली फट बंद करायला बहुतेक लोक विसरतात. रिटर्नच्या बाजूची ही गळती फार महाग पडते, कारण तिथून निर्वाताने अ‍ॅटिकची हवा ओढली जाते. अ‍ॅटिक १३० अंश फॅरनहाइट असताना आणि खोली ७७ असताना रिटर्नमध्ये फक्त दहा टक्के अ‍ॅटिकची हवा मिसळली तर कॉइलकडे ८२ अंशांची हवा पोचते. कॉइल हवेला वीस अंशांच्या आसपास गार करते, त्यातले पाच अंश निव्वळ ही घुसखोरी भरून काढण्यात जातात. जाळी काढा, टॉर्च घेऊन आत बघा. ड्रायवॉलच्या कडेला अ‍ॅटिकचं इन्सुलेशन दिसत असेल किंवा कडेभोवती काळ्या धुळीची रेघ असेल तर तिथे मॅस्टिक भरा. ज्या घरांत मशीन क्लोझेटमध्ये लाकडी चौथऱ्यावर बसलेलं असतं आणि तो चौथराच रिटर्नची पेटी म्हणून वापरलेला असतो, तिथे ही तपासणी सगळ्यात आधी करा.

पायरी ६: पुन्हा मोजणे

सगळे व्हेंट उघडून, नवे फिल्टर घालून तेच मापन परत घ्या. आपल्या घरात रिटर्नचा आकडा ०.३२ वरून ०.१५ वर येतो. पुढची बाजू ०.४३ च, एकूण ०.५८. हे अजून ०.५ च्या वर आहे, उरलेलं ओझं कॉइल आणि पुरवठ्याच्या डक्टचं आहे. कॉइलची खालची बाजू धुळीने माखली आहे का ते आता बघायचं. तरीही तीन व्हेंट बंद असतानाच्या ०.८७ शी तुलना केली तर, तितकीच हवा देणाऱ्या ईसीएम मोटरला सुमारे एक तृतीयांश काम कमी करावं लागतं. मास्टरचं दार लावल्यावर १४ ऐवजी २-३ पास्कल दिसायला हवेत. जास्त दिसले तर रिटर्नचा डक्ट कुठेतरी दबला आहे, किंवा जाळीतला फिल्टर फार दाट आहे.

कॉइलच्या आधीची आणि नंतरची हवा मोजली तर तापमानातला फरक साधारण १६ ते २२ अंश फॅरनहाइट असावा. दमट दिवशी तो खालच्या बाजूला राहील. फरक पंचवीसच्या पुढे असेल तर गारवा उत्तम आहे म्हणून खूश होऊ नका, हवा कमी पडते आहे.

मग रिकाम्या खोलीचं काय करायचं

व्हेंट उघडे ठेवा आणि दार उघडं ठेवा. खोली कायमची बंदच ठेवायची असेल तर वर सांगितलेली परतीची वाट तिला द्या. एखादी खोली इतरांपेक्षा फार गार होत असेल तर तिची हवा थोडी कमी करायला हरकत नाही. पण ते खोलीतल्या जाळीच्या पात्यांनी करू नका, तिथे शिट्टी वाजते. मुख्य डक्टमधून फाटा निघतो तिथल्या डँपरने, म्हणजे डक्टमधल्या फिरत्या झडपेने करा, ती थोडीशीच वळवून, आणि मग मशीनपाशी दाब पुन्हा मोजून.

खरोखर खोलीनिहाय नियंत्रण हवं असेल तर कमी-जास्त क्षमतेने चालणारं मशीन आणि त्याला जोडलेले मोटरवाले झोन डँपर अशी पूर्ण व्यवस्था लागते. तिथे मशीनला कळतं की वाट कमी झाली, आणि ते आपला वेग उतरवतं. एका वेगाच्या जुन्या मशीनला हे कळत नाही.

पुण्या-मुंबईत आता मोठ्या फ्लॅटमध्ये फॉल्स सीलिंगच्या वर लपवलेलं डक्टेबल युनिट बसवतात. त्यांनाही हेच लागू आहे, किंबहुना जास्तच. यातल्या बुटक्या युनिटचा पंखा अगदी थोड्या दाबासाठी बनवलेला असतो, अमेरिकन फर्नेसच्या तुलनेत कितीतरी कमी. दोन खोल्यांना एक युनिट असेल आणि एका खोलीची जाळी बंद केली तर तो लगेच गुदमरतो. अनेकदा रिटर्नला डक्टच नसतो, फॉल्स सीलिंगची पोकळीच रिटर्न म्हणून सोडलेली असते. ती पोकळी बाथरूमच्या माळ्याशी किंवा पाइपांच्या शाफ्टशी जोडलेली नाही ना, हे पीओपीचं काम बंद होण्याआधी स्वतः चढून बघा. तिथे उघडी फट राहिली तर बेडरूममध्ये बाथरूमचा वास येतो, आणि सीलिंग फोडल्याशिवाय ती सापडत नाही.